स्टारच्या पानात तो नाही

आर्थर एडवर्ड वेट या इंग्रज गूढविद्येच्या अभ्यासकाने 1909 साली पॅमेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडून टॅरोची 78 पानं काढून घेतली आणि लंडनच्या रायडर कंपनीने ती छापली. आज आपल्याकडे टॅरो म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात ती हीच पानं. वेटने त्यांच्यावर एक पुस्तकही लिहिलं आणि त्यात प्रत्येक पानाचं फलित दिलं. सतराव्या पानाचं, म्हणजे स्टारचं, फलित काढून बघावं. पहिले शब्द भेटतात ते नुकसान, चोरी, वाण आणि सोडून दिलं जाणं. मग पुढे पुस्ती जोडल्यासारखं येतं, की दुसऱ्या एका मतानुसार हे पान आशेचं आणि पुढच्या चांगल्या दिवसांचं आहे. त्याच पुस्तकात दुसरीकडे, चित्राचं वर्णन करताना, या पानाला नुसतं ‘आशेचं पान’ म्हणून मोकळं होणाऱ्यांना त्याने नाकही मुरडलं आहे.

आजचे टॅरो रीडर ती पुस्ती तेवढी ठेवतात आणि पहिली ओळ गाळतात. एरवी त्याने फारसं बिघडत नाही. पण समोर बसलेल्या माणसाचं नुकतंच प्रेम तुटलं असेल आणि त्याने विचारलं असेल, की आशा ठेवू का, तर गाळलेल्या ओळीवाचून हे पान वाचताच येत नाही. सोडून दिलं जाणं आणि आशा हे दोन्ही अर्थ एकाच पानावर का बसले, याचं उत्तर चित्रात आहे. म्हणून आधी चित्र.

वर एक मोठी पिवळी चांदणी, आठ टोकांची. तिच्याभोवती सात लहान पांढऱ्या चांदण्या, त्याही आठ टोकांच्या. खाली पाण्याच्या काठावर एक पूर्ण नग्न स्त्री वाकून बसली आहे. डावा गुडघा जमिनीवर टेकलेला, उजवं पाऊल पाण्यावर. पाण्यात नव्हे, पाण्यावर. ते बुडत नाही. दोन्ही हातांत एकेक सुरई. एका सुरईतलं पाणी ती त्या तळ्यातच ओतते आहे, दुसऱ्या सुरईतलं जमिनीवर, आणि जमिनीवर पडलेल्या पाण्याचे पाच ओहोळ झाले आहेत. मागे हिरवा चढ, लांबवर डोंगर, उजवीकडे एक झाड आणि त्याच्या शेंड्यावर पक्षी. बास. इतक्यावर चित्र संपतं.

स्मिथबाई नाटकवाल्यांत वावरलेल्या होत्या. हेन्री आयर्विंग आणि एलन टेरी यांच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर त्यांनी दौरे केले होते, पोशाख आणि नेपथ्याचं काम केलं होतं. रंगमंचावर कोणाला कुठे उभं करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, कोणाला आणायचंच नाही, हे त्यांना कळत होतं. (इतकं सगळं काम करून हातात पैसे फार थोडे आले, असं त्यांनी एका पत्रात कळवलं होतं. पानं मात्र शंभर वर्षं ओळखली गेली ती प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावाने.) त्यांची ही नाटकी समज बघायची तर स्टारचं पान एकटं बघू नये. त्याच्या आधीची दोन आणि नंतरची दोन पानं शेजारी मांडावीत.

पंधरावं पान डेव्हिल. काळ्या पार्श्वभूमीवर एक स्त्री आणि एक पुरुष, दोघांच्या गळ्यात साखळ्या. साखळ्या इतक्या सैल की डोकं वाकवलं तर निघतील, पण कोणी वाकवत नाही. सोळावं पान टॉवर. पुन्हा काळं आकाश, बुरुजावर वीज पडली आहे, माथ्यावरचा मुकुट उडाला आहे आणि दोन माणसं डोकं खाली करून कोसळताहेत. मग सतरावं. आकाश एकदम निळं होतं, आणि माणूस एकच उरतो. अठराव्या पानावर, मूनवर, तर माणूसच नाही; एक कुत्रा, एक लांडगा, पाण्यातून वर येणारा खेकड्यासारखा प्राणी आणि चंद्र. एकोणिसाव्या सनवर घोड्यावर बसलेलं एक लहान मूल.

दोन, दोन, एक, कोणी नाही, एक. ब्रेकअपनंतर स्टार निघालं की मला पहिल्यांदा दिसते ती ही मोजदाद. कोसळताना दोघं होते. काठावर पोचली ती एकटी. दुसऱ्याचं काय झालं हे पान सांगत नाही. तो डोंगराआड आहे, झाडामागे आहे, येतो आहे, असं सुचवणारी एकही रेघ स्मिथबाईंनी काढलेली नाही. त्यांना दोन माणसं काढता येत नव्हती असं थोडंच आहे! सहावं लव्हर्स आहे, कप्सची दुर्री आहे, जिच्यात दोघं समोरासमोर उभे राहून पेले धरतात, कप्सची दश्शी आहे, जिच्यात नवराबायको इंद्रधनुष्याखाली हात पसरून उभे आहेत आणि शेजारी मुलं नाचताहेत. जोडप्याची आशा दाखवायला या संचात पानं भरपूर आहेत. स्टार त्यांतलं नाही. त्यावर ‘तो परत येईल’ असं वाचणारा रीडर चित्रात नसलेला माणूस स्वतःच्या हाताने घुसवतो.

मग आशा कुठे आहे? मोठी चांदणी हे सोपं उत्तर. पण तिची नजर बघा. चांदणी बरोबर डोक्यावर आहे आणि ही बाई तिच्याकडे बघतच नाही. मान खाली, डोळे पाण्याच्या धारेवर. चांदणी आपल्याला दिसते, तिला नाही. निदान या क्षणी नाही. आठ चांदण्या असलेल्या पानात वर न बघणारी नायिका ठेवणं हे धाडसाचं काम आहे, आणि माझ्या मते या संचातली ही सगळ्यांत सुंदर निवड आहे. तिचं काम तिला पुरेसं आहे, आणि ते काम म्हणजे भांडं रिकामं करणं.

इथे चौदावं पान, टेम्परन्स, आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही दोन भांडी आहेत, तिथेही एक पाय पाण्याकडे आणि एक काठावर. पण तो पंखवाला देवदूत एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओततो. थेंबही बाहेर जात नाही. जे आहे ते आपल्याच दोन भांड्यांत फिरतं. मधे डेव्हिल आणि टॉवर येऊन जातात, आणि सतराव्यात तीच दोन भांडी पुन्हा दिसतात तेव्हा साठवण संपलेली असते. आता पाणी बाहेर जातं आहे आणि परत मिळेल याची काही तजवीज नाही. वेटने या पानाला आधी नुकसान का म्हटलं असेल, ते इथे कळतं. अंगावर वस्त्र नाही, भांड्यात पाणी टिकत नाही, सोबत कोणी नाही. आणि तरी चित्र बघताना कोणाला दया येत नाही. ती बाई बिचारी वाटत नाही. तिचं बसणं इतकं स्थिर आहे, खांदे इतके सैल आहेत, की गमावणं आणि सावरणं या दोन गोष्टी तिच्या शरीरात वेगळ्या काढता येत नाहीत. दोन्ही अर्थ एकाच पानावर आले आहेत ते असे.

या पानाला असं वाचायची रीत टॅरोइतकी जुनी नाही. पंधराव्या शतकातल्या इटलीत हा संच खेळायचे पत्ते म्हणून जन्मला. मिलानच्या दरबारासाठी रंगवलेल्या व्हिस्कोंती-स्फोर्झा संचात स्टारच्या पानावर ना सुरया आहेत ना पाणी. एक वस्त्र ल्यालेली स्त्री हात उंचावून चांदणी धरते. सुरया मार्सेयच्या छापील पत्त्यांत दिसतात, आणि 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने त्या बाईला इसिस देवी, चांदणीला व्याधाचा तारा आणि सुरयांतल्या पाण्याला नाईलचा पूर ठरवून टाकलं. ते ऐतिहासिक दृष्ट्या चूक होतं, पण कल्पना छान होती. जाता जाता एक योगायोग सांगतो. व्हिस्कोंती-स्फोर्झा संचातली चार पानं आज सापडत नाहीत. त्यांतलं एक टॉवर, दुसरं डेव्हिल, तिसरं तलवारींची तिर्री. हृदयात तीन तलवारी घुसलेलं जे पान आज ब्रेकअपचं म्हणून ओळखलं जातं, ती हीच तिर्री. चौथं, नाण्यांचा घोडेस्वार, त्याचा इथे संबंध नाही. बुरुज हरवला, तलवारी हरवल्या, चांदणी राहिली. यातून अर्थ काढू नये, पत्ते हरवतात. पण एखादा रीडर यावरूनही भविष्य सांगेल, हे मला ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे. माझ्या मैत्रिणीची मुलगी पानं विचारायला आली होती, तिशीला आलेली, एका बँकेत नोकरीला. चार वर्षांचं नातं त्या मुलाने एका फोनवर संपवलं होतं. ती रडत नव्हती. रडून झालं होतं. तिने तीन पानं काढली. मांडणी आधीच ठरवली होती: झालं ते, आत्ताचं, यापुढचं. हे ठरवणं पानं उलटण्यापूर्वी व्हायला हवं, नाहीतर प्रत्येक पान हव्या त्या जागी सरकवता येतं.

पहिलं निघालं कप्सची पंजी, मधलं स्टार, शेवटचं कप्सची छक्की.

छक्की बघताच ती म्हणाली, “मावशींनी हे पान दाखवलं होतं मला यूट्यूबवर. जुना माणूस परत येतो ना यात? काका, म्हणजे आशा ठेवायला हरकत नाही?”

छक्कीत एका जुन्या अंगणात एक मुलगा एका लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतो. इंटरनेटवर हे ‘एक्स परत येण्याचं’ पान म्हणून फार चालतं. वेटकडे मात्र पुन्हा तोच प्रकार: आधी म्हणतो हे आठवणींचं, गेलेल्या सुखाचं, आता नसलेल्या गोष्टींचं पान, मग म्हणतो, दुसरं मत नेमकं उलट आहे, नवी नाती, नवी जागा, मुलं अनोळखी अंगणात खेळताहेत. दोन मतांपैकी हवं ते उचलायची सोय असेल तर पान काढण्यात अर्थ काय? तेव्हा मी मतं बाजूला ठेवली आणि तिला म्हटलं, “तिन्ही पानांत पाणी शोध.”

तिने शोधलं. पंजीत काळा झगा पांघरलेला माणूस उभा आहे, समोर तीन पेले कलंडलेत, आतलं सांडून जमिनीवर पसरलं आहे. मागे दोन पेले सरळ उभे आहेत, पण त्याची पाठ तिकडे आहे. लांब नदी, पूल, पलीकडे घर. तिथलं पाणी सांडलेलं आहे. स्टारमधलं पाणीही भांड्याबाहेरच चाललं आहे, पण ते ओतलेलं आहे. ती म्हणाली, “इथे ती स्वतः ओततेय.” आणि छक्कीत? पेल्यांत पाणीच नाही, पांढरी फुलं आहेत, पाच पाकळ्यांची. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “चांदण्यांसारखी आहेत.” हे मी सांगितलं नव्हतं. पान वाचणं म्हणजे खरं तर एवढंच: बघणाऱ्याला स्वतःहून काही दिसेपर्यंत थांबणं.

सांडलं, ओतलं, उगवलं. क्रम असा लागला. यात तो परत येण्याबद्दल काही नव्हतं, आणि न येण्याबद्दलही नव्हतं. ते मी तिला तसंच सांगितलं. तिला ते आवडलं नाही. आवडायचं कारणही नव्हतं.

मग दोन सुरयांवर बोललो. एक सुरई तळ्यात ओतली जाते. पाण्यात पाणी, बाहेरून बघणाऱ्याला वाया घालवल्यासारखं. रात्री जुने मेसेज वाचणं, मैत्रिणीला तीच गोष्ट पुन्हा सांगणं, हे त्या सुरईतलं. पान त्याला वाईट म्हणत नाही. एक आख्खा हात त्याला दिलेला आहे. दुसरी सुरई जमिनीवर, आणि ओहोळ फक्त तिथेच होतात. मी विचारलं, “तुझं जमिनीवर काय पडतंय सध्या?” ती गप्प झाली. मग कळलं, की बँकेने तिला बढतीवर दुसऱ्या शहरात जाण्याबद्दल विचारलं होतं आणि महिनाअखेरपर्यंत होकार-नकार कळवायचा होता. तिने फॉर्म भरला नव्हता. का, तर तो परत आला आणि आपण इथे नसलो तर?

तिच्या प्रश्नाचं उत्तर या ‘तर’मध्ये होतं. स्टारची आशा एका साध्या चाचणीला उतरते. मनात धरलेल्या आशेमुळे हात चालू राहतात की थांबतात? चित्रातल्या बाईचे दोन्ही हात चालू आहेत, आणि वर बघायला ती थांबलेली नाही. ज्या आशेपायी फॉर्म कोरा राहतो ती आशा या पानावर नाही; तिच्यासाठी वेगळं पान आहे, कप्सची चौकडी, हाताची घडी घालून झाडाखाली बसलेला मुलगा. म्हणून मी तिला म्हटलं, “आशा ठेव. पण ती खरी आहे का, ते फॉर्म भरून बघ. फॉर्म भरल्यावरही ती टिकली तर ती तुझी. नाही टिकली तर ती त्याच्या फोनची वाट होती.”

ती म्हणाली, “म्हणजे पान तो येणार की नाही सांगतच नाही.”

“नाही सांगत.”

“मग अजून एक काढू?”

इथे बरीच रीडिंगं फसतात. तोच प्रश्न, पुन्हा पान, मग पुन्हा. 78 पानांतून तीन काढली तर स्टार असण्याची शक्यता सव्विसात एक. दहा पानांच्या मोठ्या मांडणीत ती साधारण आठात एक होते. म्हणजे संध्याकाळभर पानं काढत बसलं तर कधीतरी स्टार येणारच, लव्हर्स येणार, टॉवरही येणार. हवं ते येईपर्यंत काढायचं आणि आलं की थांबायचं, हे वाचन नव्हे. एका प्रश्नाला एक मांडणी, आणि परिस्थितीत खरोखर काही बदलेपर्यंत तो प्रश्न बंद. ‘त्याने स्टेटस बदललं’ हा बदल धरायचा नाही.

रीडरची बाजूही तपासायला हवी. मी स्वतःसाठी एक खूण ठेवली आहे. जे वाक्य मी आता बोलणार आहे, तेच वाक्य स्टारच्या जागी मून निघालं असतं तर बोललो असतो का? ‘काळ जाऊ दे, सगळं ठीक होईल’ हे कुठल्याही पानावर बोलता येतं. म्हणजे तेव्हा मी पान वाचत नसतो, समोरच्याचा चेहरा वाचत असतो. ‘दोन्ही हात चालू आहेत का?’ हा प्रश्न फक्त स्टारवरच सुचतो. मूनवर हातच नाहीत.

उलटं स्टार निघालं तर लोक घाबरतात, आशा संपली म्हणून. वेटने उलट्या स्टारला दिलेले अर्थ वेगळेच आहेत: ताठा, गर्व, हतबलता. मला ते ब्रेकअपच्या बाबतीत चपखल वाटतात. पान उलटं धरलं की सुरया वर जातात, चांदण्या पायाशी येतात आणि पाणी जमिनीवरून आकाशात पडायला लागतं. ‘मला सोडून जाणारा तो कोण?’ हा ताठा आणि ‘त्याच्याशिवाय मी काहीच नाही’ ही हतबलता, दोन्हींत पाणी जमिनीपर्यंत पोचत नाही. बाकी उलट्या पानावर मी फार वेळ घालवत नाही.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. पान विचारायला आलेला माणूस आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं म्हणत असेल, तर पत्ते पेटीत ठेवावेत. तिथे डॉक्टर लागतात. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. निळ्या आकाशाखालची बाई कितीही सुंदर असली तरी ती छापील कागद आहे.

ब्रेकअपनंतर आशा रास्त आहे का, याला या पानापुरतं माझं उत्तर असं: स्वतःबद्दलची आशा रास्त आहे, चित्रात तिला आधार आहे. त्याच्याबद्दलच्या आशेला आधारही नाही आणि विरोधही नाही. तेव्हा हे पान दाखवून तुम्हाला कोणी ‘तीन महिन्यांत परत येईल’ असं छातीठोक सांगत असेल, आणि त्यासाठी वर एखादा उपाय, खडा किंवा आणखी एक सशुल्क रीडिंग सुचवत असेल, तर झालेल्या बैठकीचे पैसे द्या आणि उठा.